देणगीच्या पानावरचा कडूबा

कडूबा आला तो चपला न काढताच संस्थेच्या कार्यालयात शिरला. मोताळ्याच्या बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर गलका होता, त्यामुळे तो पहिल्यांदा काय बोलला ते शाइस्ताला ऐकूच आलं नाही. त्याच्या मागून त्याची बायको तानुबाई आली. तिच्या हातात भाजीची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात फोन. फोन तिनं टेबलावर असा ठेवला, जसं दुकानदारापुढं खोटं नाणं ठेवावं.

"वाचा," ती म्हणाली. "तुमीच लिवलं न हे? मंग तुमीच वाचा."

शाइस्तानं फोन उचलला. धामणगाव बढ्याच्या कुठल्याशा व्हॉट्सॲप गटात आलेला निरोप होता. वर कडूबाचा फोटो, तिनंच काढलेला: कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात उभा, पाठीवर पंप, डोळ्यांवर चष्मा. खाली जाड अक्षरात शाइस्ताच्या संस्थेच्या इंटरनेटवरच्या देणगीच्या पानाचं नाव, 'फवारणी करणाऱ्या मजुराला विषापासून जपा'. आणि त्याखाली बारीक अक्षरात दोन ओळी:

'धामणगावचा कडूबा फवारणीच्या विषबाधेतून वाचला. त्याच्याकडे सुरक्षा किट आहे…'

"आता मले सांगा," कडूबा म्हणाला, "मी किटानं वाचलो काय? मागच्या साली मी पडलो तवा तुमचं किट कुठी होतं? चार दिवस बुलढाण्याले सलाईन लावून पडलो होतो. तवा तुमी मले वळखतबी नव्हत्या."

"नाही हो, असं लिहिलंच नाही मी," शाइस्ता म्हणाली.

"मंग हे कोनं लिवलं? माह्या बापानं?"

शाइस्ताच्या मनात एकच नाव आलं. ते तिनं तोंडातून काढलं नाही, पण मान आपोआप आतल्या खोलीकडे वळली. तिथं तिचा सहकारी नौशाद कानाला फोन लावून बसला होता.

"बसा तुम्ही," ती दोघांना म्हणाली. "झालं काय ते सांगा."

झालं ते असं होतं. उत्तमरावांच्या बारा एकर कपाशीवर कडूबा सालोसाल फवारणी करायचा. बीटी बियाणं आलं तेव्हा फवारणीचं कामच मिटेल असं गावात सगळे म्हणत होते. मिटलं नाही. रस शोषणाऱ्या किडी होत्याच, आणि मागच्या वर्षी तर गुलाबी अळीनं बीटीची बोंडंच पोखरली. त्यामुळे यंदा अळी यायच्या आधीच माणसं धसका घेऊन पंप भरत होती. चार दिवसांपूर्वी उत्तमरावांनी कडूबाला भर दुपारी बोलावलं. वारा सुटलेला, ऊन डोक्यावर. कडूबा म्हणाला, आता नाही, सकाळी करतो. त्यावर उत्तमरावांनी खिशातून फोन काढला, हाच निरोप त्याच्या नाकापुढं धरला आणि म्हणाले, "तुह्याजवळ किट आहे न बे? अठी लिवलं आहे, किट असलं की मानूस वाचते. मंग तुले काय होते?"

कडूबा घरी निघून आला. काम जानरावानं घेतलं. तानुबाईच्या शेजारचाच माणूस. कडूबाचंच किट तो मागून घेऊन गेला. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांना अंधारी आली. रात्रीतून दवाखान्यात न्यावं लागलं. आता बरा होता, घरी आला होता. पण त्याची बायको तानुबाईशी बोलत नव्हती.

"ते म्हनते, तुह्या नवऱ्याचा फोटो पाहूनच आमचा मानूस गेला फवाराले," तानुबाई म्हणाली. "अन् गावात अर्धे लोक म्हनते, कडूबाले फोटोचे पैसे भेटले. भेटले काय हो आमाले?"

शाइस्तानं नाही म्हणून मान हलवली.

"मी तुमाले फोटो देला," कडूबा म्हणाला, "कागदावर सही देली. तवा तुमी म्हनल्या, शयरातल्या लोकायले दाखवाचा आहे. हे उत्तमरावाच्या फोनात कसं आलं?"

तो उठला. जाताना तानुबाईनं फोन उचलला आणि स्क्रीन पदरानं पुसली.

नौशाद दोन महिन्यांपूर्वी औरंगाबादहून आला होता. आजारी माणसांसाठी पैसे गोळा करायची पानं त्यानं पूर्वी खूप केली होती, आणि त्यातलं त्याला कळतही होतं. संस्था चालवणाऱ्या जयमालाताईंना वाटायचं, शाळामास्तरकी करून निवृत्त झालेल्या आपल्यासारख्या बाईला जे कधी जमलं नाही ते हा पोरगा करून दाखवेल. शाइस्ताला मात्र पहिल्या दिवसापासून तो खुपत होता. पान तयार करताना त्यानं सुचवलेलं नाव होतं, '६५० रुपयांत एका मजुराचा जीव वाचवा'. ती म्हणाली होती, हातमोजे, चष्मा, एप्रन आणि मास्क एवढ्यानं जीव वाचतो हे आपण कशावरून म्हणायचं? आपण किती जीव वाचवले, मोजलेत का? नौशाद तिला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचा. तो हसला होता. "बाजी, मथळा लोकांनी पान उघडावं म्हणून असतो. खरं काय ते आत लिहू." त्या दोघांचं वाजलं होतं. जयमालाताईंनी दोघांच्या मधलं एक नाव शोधलं, 'विषापासून जपा', आणि खालचा मजकूर लिहायचं काम शाइस्ताकडे दिलं.

म्हणजे हा मागाहून बदलून बसला, तिनं मनात म्हटलं. आकडे वाढावेत म्हणून. 'जीव वाचवा'चं वेड त्याच्या डोक्यातून गेलंच नव्हतं.

ती आत गेली. नौशादनं फोन ठेवला होता.

"पानावरचा मजकूर तुम्ही बदललात?"

"मी? नाही."

"कडूबा येऊन गेला. ऐकलं असेल तुम्ही."

"ऐकलं. पण मी हात लावलेला नाही, बाजी."

तो शांतपणे म्हणाला, आणि त्या शांतपणाचाच तिला संशय आला. खरा माणूस असा लगेच शांत कसा राहील? ती बाहेर आली. कुणाला न विचारता तिनं जयमालाताईंच्या टेबलावरच्या वहीतून मुख्य खात्याचा पासवर्ड घेतला आणि देणगीच्या साइटवर गेली. पानात कुणी कधी बदल केला त्याची नोंद तिथं राहते, हे तिला माहीत होतं. तिला हवं ते सापडणार याची तिला खात्री होती.

नोंदीत एकच ओळ होती. १४ जुलै, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. बदल करणाऱ्याचं नाव: शाइस्ता.

तिनं मजकूर उघडला. तिचाच होता, शब्दन् शब्द. 'धामणगावचा कडूबा फवारणीच्या विषबाधेतून वाचला. त्याच्याकडे सुरक्षा किट आहे, पण त्या दिवशी नव्हतं.' पुढं सगळं सविस्तर: तो कसा पडला, किती दिवस दवाखान्यात होता, किट यंदा जुलैत कसं मिळालं. एक अक्षर खोटं नव्हतं. ती लिहिताना तिला अभिमान वाटला होता, हेही तिला आठवलं. नौशादपेक्षा चांगलं आणि खरं लिहिलं म्हणून.

तिनं पानाची लिंक स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून पाहिली. वर फोटो उमटला, नाव उमटलं, आणि खाली तिचा मजकूर उमटला, जागा संपेपर्यंत. जागा 'किट आहे' पाशी संपत होती. पुढं तीन टिंबं.

'पण त्या दिवशी नव्हतं' हे चार शब्द टिंबांच्या पलीकडे राहिले होते.

कुणी काही बदललं नव्हतं. तिचंच वाक्य अर्ध्यात तुटून गावभर फिरलं होतं, उत्तमरावांच्या खिशात जाऊन बसलं होतं, आणि त्यांनी ते जसं दिसलं तसंच वाचलं होतं. मुद्दाम वाचलं असेल, सोयीनं वाचलं असेल. पण तसं वाचायची सोय तिनंच करून दिली होती.

नौशाद दारात उभा होता. "सापडलं?" त्यानं विचारलं.

"माझंच आहे," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही केलंत."

"माहीत आहे. दोन महिन्यांपासून माहीत आहे." तो वाकून स्क्रीनवर पाहू लागला. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. हे माझं काम. बहुतेक लोक पान उघडतच नाहीत, बाजी. एवढंच वाचतात आणि पुढं पाठवतात."

जयमालाताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांची शंका वेगळीच होती. "पान खरं आहे ना? मग भर मोहिमेत बदललं तर लोकांना वाटणार, आधी खोटं होतं. त्रेचाळीस जणांनी देणगी दिली आहे. ते काय म्हणतील?"

"पान खरं आहे, ताई. पण पान वाचतं कोण?"

"आणि नवीन लिहिशील तेही कुठंतरी तुटेलच की."

शाइस्तानं एक गोष्ट ठरवली. या वेळी मोताळ्यात बसून लिहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती धामणगावला गेली. जुलैत वाटलेली किटं घरोघरी जाऊन पाहायची, हे काम तसं ऑक्टोबरात होणार होतं. तिनं ते आताच केलं. दोन दिवस, चौतीस घरं. लोक सरळ बोलत नव्हते. एका घरात म्हातारीनं तिला ओट्यावरच उभं केलं आणि विचारलं, "कोनाचा फोटो काढाले आली?" दुसरीकडे एकानं सांगितलं, रोज सगळं घालतो, आणि किट आणून दाखवलं तर मास्कवर कारखान्याची पिशवी तशीच होती. तिला प्रत्येक उत्तर दोनदा तपासावं लागत होतं. हातमोजे मात्र खरेच वापरलेले होते, बोटांवर औषधाचे डाग होते. चौतीसपैकी सत्तावीस. एप्रन बरेच. मास्क नऊ.

शेवटी ती कडूबाच्या घरी गेली. तो बाहेरच्या बाजेवर होता. तिला पाहून उठला नाही.

"फोटो काढून टाकला मी पानावरून," ती म्हणाली. "नावपण. आता तुमचं काही नाही तिथं."

"अन् उत्तमरावाच्या फोनातला?"

"तो मला काढता येत नाही. एकदा पाठवलेलं तसंच राहतं. मी पान बदललं तरी जुना निरोप जुनाच दिसणार."

कडूबानं मान हलवली, जणू असंच काहीतरी असणार हे त्याला आधीच माहीत होतं. तिनं खोटा धीर दिला नाही, एवढं मात्र त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं तिच्यासाठी बाजेवर जागा केली.

तानुबाई चहा घेऊन आली. सातवी शिकलेली होती ती, आणि बचत गटाचा हिशेब तीच लिहायची. शाइस्तानं वही काढली. एसटीत बसून लिहिलेला नवा मजकूर तिच्यापुढं धरला, आणि पहिल्या ओळीनंतरचं सगळं तळव्यानं झाकलं.

"एवढंच वाचा. अन् सांगा, काय वाटते?"

"काऊन झाकून राह्यल्या?"

"फोनात एवढंच दिसते म्हणून."

तानुबाईनं वाचलं. तिथं लिहिलं होतं, 'सुरक्षा किटमुळे विषबाधेचा धोका कमी होतो, पण'. पुढं हात.

"धोका कमी होते," ती म्हणाली. "मंग उत्तमराव म्हनन, जाय दुपारी."

शाइस्तानं ती ओळ खोडली. दुसरी लिहिली, झाकली. तीही नापास झाली. तिसऱ्या वेळी कडूबाही वाकून पाहू लागला. 'पण' आला की तुटतं, हे त्यालाच आधी कळलं. "ते 'पन' काढून टाका न," तो म्हणाला. "दोन गोठी सांगाच्या असन तर दोन डाव सांगा. येडं भयताड बोलते तसं एका दमात काऊन बोलता?"

शाइस्ता हसली. त्या घरात ती पहिल्यांदाच हसत होती.

"तुमी घरोघर फिरल्या," तानुबाई म्हणाली. "काय दिसलं ते लिवा. मास्क कोनी लावत नाही हे लिवा."

"ते लिहिलं तर पैसे कोण देईल?"

"मले काय मालूम? पन मले विचारसान तर मी हेच विचारीन. एवढं महागाचं देऊन राह्यले, तरी मानसं मास्क काढून ठेवते. काऊन?"

"काऊन ठेवतात?" शाइस्तानं कडूबाकडे पाहिलं.

"जीव कोंडते," तो म्हणाला. "घामानं नाकाले चिकटते. चष्म्यावर वाफ येते. पुढचं तासच दिसत नाही. एकडाव घालून पाहा अन् अर्धा एकर फवारा, मंग समजन."

ती मोताळ्याला परतली तेव्हा तिच्या वहीत नवं नाव लिहिलेलं होतं: 'फवारताना मजूर मास्क काढून ठेवतात. काऊन?'

जयमालाताईंनी वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. "आपलंच अपयश आपण मथळ्यात टाकायचं? आणि हे काऊन? पुण्याचे लोक हसतील."

नौशाद मात्र वही हातात धरून उभाच राहिला. शाइस्ताला वाटलं, आता हा यात 'जीव वाचवा' घुसवणार. ती वाटच पाहत होती.

"काऊन राहू द्या," तो म्हणाला. "हे मी लिहू शकलो नसतो. वाचल्यावर माणूस पान उघडणार, का ते जाणायला. फक्त एक करा. उघडल्याबरोबर पहिल्याच ओळीत उत्तर द्या. लोकांना फिरवत ठेवलं तर तीच फसवणूक झाली."

मग दोघांनी मिळून लिहिलं. वाक्यं छोटी, एकात एकच गोष्ट, कुठंही तुटलं तरी उरलेलं खोटं होऊ नये अशी. 'दुपारच्या उन्हात मास्कमध्ये जीव कोंडतो. मास्क घालूनही भर दुपारी फवारणं धोक्याचंच. आम्ही चौतीस घरं पाहिली. हातमोजे सत्तावीस जण वापरतात. मास्क नऊच.' पुढं लिहिलं की गोळा होणाऱ्या पैशातून श्वास बाहेर सोडायची झडप असलेला मास्क किटमध्ये देऊ, आणि शेतमालक व मजूर दोघांना एकत्र बसवून सकाळी, वारा पाठीशी घेऊन फवारण्याबद्दल बोलू. नव्या मास्कनं किती फरक पडेल ते अजून माहीत नाही, ऑक्टोबरात पुन्हा घरं पाहून इथंच सांगू. 'जीव वाचवा' कुठंच नव्हतं. फोटोत माणूस नव्हता. कडूबाच्या घरच्या खुंटीवर लटकलेला मास्क होता, त्यांना विचारून काढलेला, आणि काढल्यावर त्यांना दाखवलेला.

त्रेचाळीस देणगीदारांना निरोप गेला, आधीची ओळ कशी तुटत होती आणि त्यातून काय झालं ते सांगणारा. कुणाला पैसे परत हवे असतील तर कळवा, असंही लिहिलं. पाठवताना जयमालाताई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. दोघांनी पैसे परत मागितले. एकानं रागानं लिहिलं, तुमच्यावर विश्वास ठेवून चूक झाली. मुंबईच्या एका बाईंनी विचारलं, तो जानराव आता कसा आहे? शाइस्तानं त्यांना खरं ते कळवलं: बरा आहे, पण अजून शेतात जात नाही.

पुढचे दहा दिवस ती रोज साइटवरचे आकडे पाहत होती, आणि आकड्यांवरही तिचा विश्वास बसत नव्हता. व्हॉट्सॲपवरून येणारे लोक निम्म्यावर आले. खुंटीवरचा मास्क कुणी भराभर पुढं पाठवत नव्हतं. पण साइटच्या यादीत जिथं सगळ्या मोहिमा ओळीनं दिसतात, तिथं हजारात पूर्वी एकवीस जण पान उघडायचे, आता चौतीस उघडत होते. उघडणाऱ्यांपैकी देणारेही वाढले. मोहिमेची मुदत संपली तेव्हा ठरवलेल्या तीनशे किटांऐवजी दोनशे दहाचे पैसे जमले होते.

"तुझ्या 'जीव वाचवा'नं तीनशे झाली असती," जयमालाताई नौशादला म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार होती की नाही ते कळलं नाही.

"झाली असती," नौशाद म्हणाला. "कदाचित चारशे."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात धामणगावच्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक ठरली. शेतमालक आणि फवारणारे समोरासमोर बसायचे होते. उत्तमराव येतील असं शाइस्ताला वाटत नव्हतं. ते आले, सर्वांत शेवटी, आणि दाराजवळ बसले. शाइस्तानं नवा मास्क दाखवला, झडप कशी उघडते ते दाखवलं. मग ती म्हणाली, "हा घातला म्हणजे माणूस वाचतोच असं नाही. ऊन चढल्यावर, वारा तोंडावर असताना फवारायचं नाही ते नाहीच."

"तुमीच लिवलं होतं न, किटानं मानूस वाचते म्हनून?" उत्तमराव म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. जानरावची बायको कोपऱ्यात बसली होती, तीही पाहत होती.

"मी लिहिलं होतं," शाइस्ता म्हणाली. "पुढं लिहिलं होतं की कडूबाजवळ तेव्हा किट नव्हतं. ते फोनात दिसलं नाही. ती चूक माझी. पण उत्तमरावकाका, दुपारी जा असं मी कुठंच लिहिलं नव्हतं."

उत्तमरावांनी कडूबाकडे वळून विचारलं, सकाळी किती वाजता सुरू केलं म्हणजे ऊन चढायच्या आत चार एकर होईल? कडूबानं सांगितलं, सहाला, अन् दोन मानसं पायजे. एका मानसाचं ते काम नाही. त्यावर उत्तमराव म्हणाले, दोन माणसांची मजुरी कोण देईल? मग तिथूनच बोलणं सुरू झालं. तासभर चाललं. कुणी आवाज चढवला, कुणी उठून पुन्हा बसलं. त्या दिवशी मजुरीचं ठरलं नाही, सकाळच्या वेळेचं तेवढं ठरलं.

बैठक मोडल्यावर शाइस्ता मास्क पेटीत भरत होती. जानरावची बायको तिच्याजवळ आली, एक मास्क उचलून उलटासुलटा करून पाहिला, झडप बोटानं दाबली, वास घेतला.

"हे खरंच उघडते काय?" तिनं विचारलं.

"घालून पाहा," शाइस्ता म्हणाली.

बाईनं मास्क तोंडाला लावला, एक श्वास घेतला, सोडला. पुन्हा घेतला. मग तो काढून पेटीत न ठेवता पदराआड धरला आणि म्हणाली, "घरी नेऊन त्याले घालाले लावीन. दुपारी नाही, सकाळीच."